भाव १००, खरेदी १००.५६ ला

स्क्रीनवर भाव १०० होता. १,००० शेअरची मार्केट ऑर्डर टाकली तर सरासरी १००.५६ पडली. मधले पैसे कुणी खाल्ले?

कुणीच नाही. तो १०० म्हणजे शेवटच्या सौद्याचा भाव. तो सौदा होऊन गेला. तुम्हाला शेअर मिळणार ते विकायला उभ्या असलेल्यांकडून, म्हणजे आस्कच्या बाजूने. तुम्ही पाठवलेल्या ऑर्डर बुकच्या, म्हणजे लागलेल्या ऑर्डरींच्या यादीच्या, चित्रात तिथे १००.१० ला २००, १००.३० ला ३०० आणि १००.९० ला ५०० शेअर आहेत. मार्केट ऑर्डर म्हणजे ‘मिळेल त्या भावाला द्या’. तिने एकेक पायरी चढत तिन्ही रिकाम्या केल्या. एकूण १,००,५६० झाले, हजाराने भागा.

बिड, म्हणजे घेणाऱ्यांचा सर्वांत वरचा भाव, ९९.९० होती. सर्वांत खालच्या आस्कशी तिचा फरक, म्हणजे स्प्रेड, फक्त २० पैशांचा. पण तो पहिल्या २०० शेअरपुरताच खरा होता, आणि घोटाळा होतो तो इथेच. लोक स्प्रेड बघतात, त्यामागची संख्या बघत नाहीत.

१००.३० ची लिमिट ऑर्डर, म्हणजे ‘याहून जास्त भाव देणार नाही’, अशी टाकली असती तर ५०० शेअर लगेच मिळाले असते. उरलेले ५०० बुकात तुमच्याच नावाने बिड म्हणून उभे राहिले असते आणि १००.३० हीच सर्वांत वरची बिड ठरली असती. ते मिळतीलच याची खात्री मात्र नसते.

माझी बिड ९९.९० ला होती, मध्येच मी तिची संख्या वाढवली. त्याच भावाला ३५० शेअरचे सौदे झाले, मला एकही मिळाला नाही. असं कसं?

तुमच्या आधी त्याच भावाला ४०० शेअरच्या बिड लागल्या होत्या. बहुतेक एक्सचेंजवर आधी चांगला भाव आणि भाव सारखा असेल तर आधी आलेला, असा नियम असतो. ३५० गेले, तरी ५० तुमच्या पुढेच. (काही फ्युचर्समध्ये आकाराच्या प्रमाणात वाटणी होते, तिथला हिशेब वेगळा.) तुम्ही मध्येच ऑर्डरची संख्या वाढवली, असं लिहिलंय. तसं केलं की सहसा रांगेतली जागा जाते. कमी केली तर बहुधा टिकते.

मोठी बातमी यायच्या आधी स्प्रेड एकदम का रुंदावतो?

दोन्ही बाजूंना भाव लावून बसणाऱ्याला भीती असते ती आपल्यापेक्षा आधी बातमी कळलेल्याची. त्याचा आस्क १००.१० ला पडून आहे आणि शेअरची खरी किंमत १०३ झाली, तर कुणीतरी तो झटक्यात उचलणार आणि तोटा याचा. म्हणून तो बिड खाली घेतो, आस्क वर नेतो, संख्याही कमी करतो. पहिल्या प्रश्नातली मार्केट ऑर्डर अशा वेळी टाकली असती, तर १००.५६ स्वस्त वाटलं असतं.