प्लॅस्टिकची पट्टी आडवी वाकते, उभी का वाकत नाही?

प्रश्न: पट्टी सपाट आडवी धरली की लगेच वाकते, कडेवर उभी धरली की वाकतच नाही. पट्टी तीच, प्लॅस्टिक तेच, मग असं का? मुलाला कसं सांगू?

उत्तर: मी सांगलीजवळच्या एका शाळेत विज्ञान शिकवतो. नववीच्या पोरांना वहीत जी टीप दिली, तीच इथे थोडी मोकळी करून लिहितो.

आधी एक लांबट खोडरबर घ्या. त्याच्या कडेवर पेनाने एकमेकींजवळ उभ्या रेघा मारा आणि तो बोटांनी वाकवा. बाहेरच्या अंगाला रेघा फाकतात, आतल्या अंगाला जवळ येतात, मधोमध अंतर होतं तेवढंच राहतं. वाकताना एक अंग ताणलं जातं, दुसरं दाबलं जातं. आणि थर मध्यापासून जितका लांब, तितका जास्त.

आता पट्टी. समजा ती 30 मिमी रुंद आणि 2 मिमी जाड आहे. आडवी असताना सगळ्यात लांबचा थर मध्यापासून फक्त 1 मिमीवर असतो, उभी केली की तोच 15 मिमीवर जातो. तेवढ्याच वाकासाठी त्याला 15 पट ताणावं लागतं. शिवाय त्याचा विरोध 15 पट लांबून लागतो, तरफेचा दांडा लांब केल्यासारखा. म्हणून 15 गुणिले 15, म्हणजे उभी पट्टी 225 पट ताठ. प्लॅस्टिक तेवढंच आहे, ते मध्यापासून किती लांब बसलंय एवढंच बदललं.

वर्गात आम्ही पट्टी आडवी टेबलावर घट्ट दाबून 20 सेमी बाहेर ठेवली आणि टोकाला 20 ग्रॅमचं वजन टांगलं. टोक साधारण 9 मिमी खाली आलं. (वजन टांगण्याआधी टोकाची खूण करून घ्या, कारण पट्टी स्वतःच्या भारानेही थोडी झुकते.) उभ्या पट्टीचं टोक या हिशेबाने 0.04 मिमी खाली जायला हवं. ते केसाच्या जाडीहूनही कमी आहे, डोळ्यांना दिसणारच नाही.

मग एकाने उभी पट्टी जोरात दाबली आणि म्हणाला, "सर, वाकली की!" मी त्याला टोकाकडे बघायला सांगितलं. पट्टी खाली वाकली नव्हती, पीळ पडून कुशीवर कलंडली होती आणि आपल्या सोप्या बाजूने वाकली होती. उभ्या पट्टीची खरी कमजोरी हीच. त्याला दोन्ही बाजूंनी बोटांचा नुसता आधार द्यायला लावला, तर तेवढाच जोर तिने सहज पेलला. तुमच्याकडे कौलारू घर असेल तर मुलाला छताखाली उभं करा. कापीव वासे रुंद बाजू उभी ठेवून बसवलेले दिसतील, आणि वरून आडव्या ठोकलेल्या रिपा कौलं तर पेलतातच, पण वाशांना कलंडूही देत नाहीत.