ओळख एका भेटीची, विनंती रेफरलची

प्रश्न: मी रेफरलसाठी बऱ्याच जणांना व्हॉट्सअ‍ॅपवर आणि लिंक्डइनवर मेसेज केले. बहुतेकांनी वाचून सोडून दिले. मैत्रीण म्हणते, नीट ईमेल लिही. पण ज्यांना मी जेमतेम एकदा भेटले आहे त्यांना लिहायचं काय? आणि भीक मागितल्यासारखं न वाटता कसं लिहायचं?

उत्तर: मागच्या वर्षी हीच अडचण घेऊन एक मुलगी माझ्याकडे आली होती. तिची परवानगी घेऊन आणि ओळख पटेल असे तपशील बदलून तिची गोष्ट सांगते. मूळची सांगलीकडची, पुण्यात एका छोट्या सॉफ्टवेअर कंपनीत तीन वर्षं टेस्टिंगचं काम करणारी. तिला खराडीतल्या एका मोठ्या कंपनीत जायचं होतं आणि तिच्या कॉलेजचा एक सीनियर तिथे होता. त्या दोघांची ओळख काय, तर माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्यात तो पेमेंट टेस्टिंगवर बोलला, हिने एक प्रश्न विचारला आणि नंतर चहा घेताना पाच मिनिटं बोलणं झालं. नंबर मिळाला तो माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपमधून.

तिने त्याला पाठवलेले मेसेज मोबाइलवर दाखवले. पहिला नुसताच ‘हाय सर’. थोड्या वेळाने, ‘ओळखलंत का? मी तुमच्याच कॉलेजची. तुमच्या कंपनीत काही ओपनिंग आहे का? प्लीज रेफर करा ना, काहीही चालेल. रेझ्युमे पाठवते.’ दुसऱ्या दिवशी, ‘सर?’ आणि मग, ‘थोडं अर्जंट आहे सर.’ निळ्या टिक होत्या, उत्तर नव्हतं.

भाषेचं नंतर पाहू म्हटलं. आधी तिला विचारलं, “समजा तो हो म्हणाला, तर त्याला नेमकं काय करावं लागेल?”

“रेझ्युमे एचआरला फॉरवर्ड करायचा, अजून काय?”

गैरसमज इथेच आहे. बहुतेक मोठ्या कंपन्यांत रेफरलसाठी कर्मचाऱ्यांचं वेगळं पोर्टल असतं. तिथे आधी एक ठरावीक जागा निवडावी लागते आणि प्रत्येक जागेला जॉब आयडी असतो. मग उमेदवाराचं नाव, ईमेल, मोबाइल भरायचा, रेझ्युमे चढवायचा. त्यानंतर बऱ्याच ठिकाणी दोन प्रश्न येतात: या व्यक्तीला तुम्ही कसे ओळखता, आणि या जागेसाठी ती योग्य का वाटते? खाली त्या कर्मचाऱ्याचं नाव लागतं. उद्या उमेदवार मुलाखतीत अगदीच कच्चा निघाला, तर “ही तुमचीच कँडिडेट ना?” असं त्यालाच विचारलं जाऊ शकतं.

आता तेच मेसेज त्याच्या खुर्चीत बसून वाचा. ‘काहीही चालेल’ म्हणजे जागा त्यानेच शोधायची. ‘ओळखलंत का’ म्हणजे आठवत नसेल तर ओशाळायचं. ‘कसे ओळखता’ या प्रश्नापुढे तो लिहिणार काय? आणि नाही म्हणायचं तर मुलीला तोंडावर नाही म्हणायचं. ही सगळी कामं एका ‘हाय सर’मागे उभी होती. त्यापेक्षा उत्तर न देणं त्याला सोपं वाटलं असणार.

तुमच्या भीक मागण्याच्या भावनेबद्दल इथेच सांगते. बऱ्याच कंपन्या रेफरलमधून माणूस रुजू झाला आणि काही महिने टिकला की रेफर करणाऱ्याला बोनस देतात, कारण त्यांना माणसं हवीच असतात. शिवाय जेमतेम ओळखीच्या माणसाकडे जाणं यात वावगं काही नाही. मार्क ग्रॅनोव्हेटर या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने १९७३ साली बोस्टनजवळच्या नोकरदारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ओळखीतून नोकरी मिळालेल्यांपैकी साधारण सहातल्या एकालाच ती नेहमी भेटणाऱ्या माणसाकडून कळली होती. बाकीच्यांना कधीमधी किंवा क्वचित भेटणाऱ्यांकडून कळली. जवळच्यांना जे ठाऊक असतं ते बहुधा आपल्यालाही ठाऊक असतं; दूरचा माणूस वेगळ्या वर्तुळात वावरतो. तेव्हा मागण्यात गैर नाही. फक्त जेवढी ओळख आहे तेवढंच मागायचं.

आम्ही आधी जागा शोधली. कंपनीच्या करिअर पेजवर तिच्या कामाशी जुळणारी क्यूए ऑटोमेशनची एकच जागा होती. ती लगेच अर्ज भरायला निघाली, तेव्हा मी थांबवलं. अनेक कंपन्यांत उमेदवाराने स्वतः अर्ज केला की त्याची नोंद सिस्टीममध्ये होते आणि त्यानंतर आलेलं रेफरल धरलं जात नाही. म्हणून रेफरल हवं असेल तर आधी विचारायचं, मग अर्ज. तेवढ्यात कळलं की महिन्यापूर्वी तिने याच कंपनीत दुसऱ्या एका जागेसाठी अर्ज करून ठेवला होता. हे लपवायचं नाही, ईमेलमध्येच सांगायचं असं ठरलं. नाहीतर तो फॉर्म भरत बसला असता आणि शेवटी सिस्टीमनेच त्याला नाही म्हटलं असतं.

पहिला मसुदा तिने घरून लिहून आणला. चॅटच्या अगदी दुसऱ्या टोकाला गेली होती. ‘आपल्या देदीप्यमान कारकिर्दीने मी अत्यंत प्रेरित झाले असून आपल्या नामांकित संस्थेत योगदान देण्याची संधी लाभल्यास...’ अशी दीड पानं. हा नमुना कुठेतरी सापडला होता, आणि असे ईमेल त्या सीनियरलाही येत असणार. यातलं एकही वाक्य फक्त तिचं नव्हतं. नाव बदललं की कुणीही कुणालाही पाठवावं असं पत्र होतं ते. मी तिला एवढंच करायला सांगितलं: जे वाक्य दुसरी कुणी उमेदवार जसंच्या तसं लिहू शकेल ते खोड. जवळजवळ सगळं खोडलं गेलं. मग मेळाव्यात विचारलेल्या प्रश्नापासून आम्ही पुन्हा सुरुवात केली.

रेझ्युमेत तिने लिहिलं होतं की टेस्ट ऑटोमेशन तिने उभं केलं. एकटीने का, विचारल्यावर म्हणाली, दोघांनी. मग दोघांनी असंच लिहायचं. मुलाखतीत पहिला प्रश्न बहुधा यावरच येतो, आणि तिथे शब्द फिरवावा लागला तर रेफर करणाऱ्याचंही नाव खाली जातं.

शेवटी जे गेलं ते असं. मूळ ईमेल इंग्रजीत होता, कारण तो पुढे एचआरकडे जाण्याची शक्यता होती. इथे मराठीत देते.

विषय: रेफरलची विनंती, क्यूए ऑटोमेशन, जॉब आयडी (क्रमांक), कॉलेजच्या मेळाव्यात भेट झाली होती

नमस्कार सर,

जानेवारीत कॉलेजच्या मेळाव्यात तुम्ही पेमेंट टेस्टिंगवर बोलला होता. रिफंड मध्येच अडकला तर तो टेस्टमध्ये कसा पकडायचा, हा प्रश्न मी विचारला होता. मी २०२१ च्या बॅचची.

तुमच्या खराडी ऑफिसमधल्या वरील जागेसाठी मला प्रयत्न करायचा आहे. तिथे जावा आणि एपीआय टेस्टिंगचा अनुभव मागितला आहे. मी तीन वर्षं हेच काम करते. विम्याचे हप्ते भरण्याच्या सिस्टीमसाठी आम्ही दोघांनी ऑटोमेशन उभं केलं. रिलीजआधीच्या तपासणीला पूर्वी दोन दिवस लागायचे, आता चार तास लागतात. त्यातल्या पेमेंट गेटवेच्या टेस्ट माझ्या आहेत.

माझं काम तुम्ही पाहिलेलं नाही, त्यामुळे स्वतःच्या नावाने रेफर करणं योग्य वाटत नसेल तर तसं मोकळेपणाने कळवा. ही भरती कोण पाहतं एवढं सांगितलंत तरी मला पुढे जाता येईल. आणखी एक सांगायला हवं: गेल्या महिन्यात मी तुमच्याच कंपनीत दुसऱ्या जागेसाठी अर्ज केला आहे.

रेझ्युमे जोडला आहे. पोर्टलवर लागल्या तर वापरता येतील अशा तीन ओळी खाली देते.

आपली,
(पूर्ण नाव, मोबाइल नंबर)

त्या तीन ओळी ‘ती’ म्हणून लिहिल्या होत्या, म्हणजे त्याला नुसत्या उचलून चिकटवता आल्या असत्या: ‘ही माझ्या कॉलेजची ज्युनियर. माजी विद्यार्थी मेळाव्यात एकदा भेट झाली, एकत्र काम केलेलं नाही. जावा आणि एपीआय ऑटोमेशनचा तीन वर्षांचा अनुभव, पेमेंटसह.’ ‘एकत्र काम केलेलं नाही’ हे काढून टाकूया, असा तिचा आग्रह होता. मी ते ठेवायला लावलं. त्या वाक्यामुळेच त्याला खोटं न बोलता फॉर्म भरता येणार होता. रेझ्युमेच्या फाइलचं नाव `Resume_final_new(2).pdf` होतं. ते बदलून तिचं नाव आणि पदाचं नाव घातलं, म्हणजे डाउनलोड्समध्ये शोधत बसावं लागणार नाही.

‘तसं मोकळेपणाने कळवा’ या वाक्याची तिला फार भीती वाटत होती. आपणच नकार सुचवतोय, असं तिला वाटे. माझा अनुभव उलटा आहे. नकाराची वाट मोकळी असली की माणूस निदान उत्तर तरी देतो, आणि भरती कोण पाहतं ही छोटी मदत तर कुणालाही करता येते.

पाठवायचं कुठे, हाही प्रश्न होता. कंपनीच्या पत्त्याचा साचा ओळखून ऑफिसच्या ईमेलवर पाठवूया, असं ती म्हणत होती. मी नको म्हटलं, कारण ऑफिसचा मेलबॉक्स कंपनीचा असतो आणि तिथे अनोळखी उमेदवाराचं पत्र आलेलं सगळ्यांनाच आवडत नाही. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपचा उपयोग फक्त परवानगीपुरता केला: ‘सर, मागचे मेसेज घाईत केले होते, त्याबद्दल माफ करा. एका ठरावीक जागेबद्दल सविस्तर ईमेल पाठवू का? चालत असेल तर कोणत्या पत्त्यावर?’ त्याच संध्याकाळी पत्ता आला.

उत्तर आलं नसतं तर आठवड्याभराने त्याच ईमेलखाली दोन ओळींची एकच आठवण करायची आणि मग विषय सोडायचा, असं ठरलं होतं. त्याची गरज पडली नाही. तिसऱ्या दिवशी त्याने कळवलं की सिस्टीममध्ये तिची नोंद आधीच असल्याने रेफरल घेतलं जात नाही, पण तिचा ईमेल त्याने ती भरती पाहणाऱ्या एचआरच्या बाईंना पाठवला आहे. दोन फेऱ्या झाल्या. निवड दुसऱ्या कुणाची तरी झाली, ज्याला कार्ड पेमेंटच्या सेटलमेंटचा अनुभव होता.

निकाल त्याला कळवायचा हेही आम्ही आधीच ठरवलं होतं, निवड होवो न होवो. तिने कळवलं, आणि सेटलमेंटचं काय विचारलं होतं तेही लिहिलं. त्याने उत्तरात त्या कामासाठी काय शिकायला हवं ते सविस्तर सांगितलं आणि त्याच्या स्वतःच्या टीममध्ये जागा निघाली की कळवेन, असं लिहिलं. तोवर तिने आणखी दोन कंपन्यांतल्या ओळखीच्यांना ईमेल लिहिले. त्यातला एक तिच्या मामेभावाच्या मित्राला होता, त्यामुळे मेळाव्याचं वाक्य गेलं आणि त्या जागी भावाने ओळख कशी करून दिली ते आलं. तो मित्र जिथे काम करतो, सध्या ती त्याच कंपनीत आहे.

तुम्ही ज्यांना मेसेज केले त्यांपैकी एकाची निवड करा, त्याच्या कंपनीतली एकच जागा आणि तिचा जॉब आयडी शोधा. मसुदा झाला की मला दाखवा. आणि या शोधात कुणी रेफरलसाठी पैसे मागितले, तर तो माणूस फसवणारा आहे असं समजून लगेच संपर्क तोडा.