नाइट ड्यूटीतही न मोडणारा ओईटीचा आठवडा

प्रश्न : मी सर्जिकल वॉर्डमध्ये स्टाफ नर्स आहे. परदेशी नोकरीसाठी तीन महिन्यांनी ओईटी, म्हणजे आरोग्यसेवेतल्या लोकांसाठीची इंग्रजीची परीक्षा, देणार आहे. सोमवार ते रविवार असं वेळापत्रक करते आणि नाइट लागली की सगळं कोलमडतं. लिहिण्याची भीती सर्वात जास्त वाटते. आठवडा कसा आखू?

उत्तर : वारांवर बेतलेलं वेळापत्रक फिरत्या शिफ्टमध्ये टिकत नाही. ते ड्यूटीवर बेता. मॉर्निंग, इव्हिनिंग, नाइट आणि ऑफ, प्रत्येक प्रकारच्या दिवसाला एकच ठरलेलं काम द्या. रोस्टर लागलं की आठवडा आपोआप भरला जाईल.

ऑफचा दिवस लेखनाचा, म्हणजे पेशंटच्या केस नोट्सवरून पत्र लिहिण्याचा. डोकं ताजं असताना, सकाळीच, घड्याळ लावून 45 मिनिटं बसा. त्यातली पहिली 5 मिनिटं केस नोट्स फक्त वाचायच्या, पेन हातात घ्यायचं नाही. परीक्षेतही तसंच असतं. पत्राचा मजकूर साधारण 180 ते 200 शब्दांचा हवा. तुमचा 260 वर जात असेल, तर बहुतेक वेळा कारण इंग्रजी नसतं, निवड झालेली नसते.

समजा, 68 वर्षांच्या बाईंचं हिप रिप्लेसमेंट झालंय, त्या घरी जाणार आहेत आणि पत्र घरी येऊन बघणाऱ्या कम्युनिटी नर्सला लिहायचंय. नोट्समध्ये लहानपणीचं अपेंडिक्सचं ऑपरेशन आहे, भूल कोणती दिली ते आहे, जखमेच्या कडेला किंचित लाली आहे, स्टेपल्स काढायची तारीख आहे, बाई एकट्या राहतात आणि पडण्याची धास्ती घेऊन वॉकर टाळतात, हेही आहे. आता स्वतःला विचारा, उद्या दारात उभ्या राहणाऱ्या त्या नर्सला यातलं काय लागेल? जखम, स्टेपल्स, वॉकर आणि एकटेपणा. अपेंडिक्स आणि भूल गाळा. पहिल्याच परिच्छेदात दोन वाक्यांत सांगा की बाई कोण आणि त्या नर्सकडून काय हवंय. उद्देश लगेच कळतो का, याला वेगळे गुण असतात. नर्सेसचे गुण बऱ्याचदा इथेच जातात, कारण आपण हँडओव्हर देतो तसं दाखल झाल्यापासून तारीखवार लिहीत सुटतो. दुसरी खोड म्हणजे ‘पेशंट स्टेबल, ड्रेसिंग डन’ अशी क्रियापद गिळलेली वाक्यं. रजिस्टरमध्ये चालतात, पत्रात नाही.

हेच पत्र दोन दिवसांनी, मॉर्निंगनंतर थोडी झोप काढून, पुन्हा लिहा. आठवड्याला नवी पाच पत्रं लिहिण्यापेक्षा दोन लिहून दोन्ही सुधारणं मला जास्त कामाचं वाटतं.

मॉर्निंगच्या बाकीच्या संध्याकाळी लिसनिंग. ऑडिओ एकदाच ऐकू येतो, म्हणून सरावातही मागे नेऊ नका. 42 पैकी 24 गुण पार्ट ए-चे, म्हणजे पेशंटशी झालेलं बोलणं ऐकून गाळलेल्या जागा भरण्याचे. चुकलेल्या प्रत्येक जागेपुढे कारण लिहा : ऐकूच आलं नाही, स्पेलिंग चुकलं, की आधीचं लिहिता लिहिता पुढचं निसटलं? तिसरं कारण वारंवार दिसलं, तर हुकलेली जागा तिथेच सोडून पुढे जायची सवय लावा. नुसतं जास्त ऐकून ती लागत नाही.

इव्हिनिंग असेल तेव्हा निघण्याआधी रीडिंगचा पार्ट ए करा : 15 मिनिटं, 20 प्रश्न. ड्यूटीच्या आधी मावतो. लांब उतारे ऑफच्या दुपारी.

स्पीकिंगला माणूस लागतो. सहकारी मैत्रिणीला पेशंट करा, 3 मिनिटं तयारी, 5 मिनिटं संवाद आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग. नंतर एवढंच तपासा : सूचना द्यायला लागण्याआधी ‘तुम्हाला याबद्दल काय माहिती आहे, काळजी कशाची वाटते’ असं विचारलंत का? भाषेबरोबर हेही तपासलं जातं, आणि वॉर्डच्या घाईची सवय असलेल्या नर्सेस नेमकं हेच विसरतात.

नाइटच्या दिवसांत वेळ लावून काहीही करू नका. झोप झाल्यावर, ड्यूटीला जाण्याआधी, आधीच्या चुकांची वही वीस मिनिटं चाळा, बस. राहिलेला अभ्यास पुढच्या आठवड्यावर ढकलू नका, तो सोडून द्या.

वेळेची वाटणी करण्याआधी, जिथे जाणार त्या देशाच्या नर्सिंग परिषदेला किती गुण लागतात ते बघा. ब्रिटनची परिषद लेखनात 300 आणि बाकी तिन्हींत 350 मागते. तिथे जायचं असेल, तर लेखनाच्या भीतीपोटी लिसनिंगचा वेळ खाऊ नका. आणि परीक्षेच्या आठवड्यात नाइट पडू नये, हे इनचार्ज सिस्टरना रोस्टर लागायच्या आधीच सांगून ठेवा.