इन्व्हेस्टर अपडेटचा तुझा ड्राफ्ट वाचला

अगं,

जुलैच्या अपडेटचा ड्राफ्ट काल रात्री दोनदा वाचला. मेहनत घेतलीयस ते दिसतंय, पण हा मेल असाच पाठवू नकोस. तू काही लपवलंय म्हणून नाही म्हणत, लपवलेलं काहीच नाहीये त्यात, पण पहिलाच आकडा चुकलाय आणि तो चुकला की पुढचं सगळं चुकतं.

तू लिहिलंयस की रनवे साडेसतरा महिने, म्हणजे हातातले पैसे तेवढे महिने पुरतील. कसा काढलास ते कळलं मला. जुलैच्या सुरुवातीला बँकेत 80 लाख, महिन्यात 8 लाख 72 हजार आले, 13 लाख गेले, शिल्लक 75 लाख 72 हजार. म्हणजे बर्न 4 लाख 28 हजार, त्याने शिल्लक भागली की साडेसतराच्या जरा वर येतात. गणित बरोबर आहे पण आत काय काय मिसळलंय ते बघ. तुझं मशीनच्या नोंदींचं प्रॉडक्ट वापरणाऱ्या नेहमीच्या कारखान्यांकडून आले ते जीएसटी सोडून 4 लाख (त्यांचा जीएसटी येतो तसा जातो, तो तू धरला नाहीस ते ठीकच). उरलेले 4 लाख 72 हजार आले त्या भोसरीच्या कारखान्याकडून, ज्याने वर्षभराचे एकदम भरले. त्यातले 72 हजार तुझे नाहीतच, तो जीएसटी आहे. सर्व्हिसचा ॲडव्हान्स आला की जीएसटी लागतो, काम पुढच्या अकरा महिन्यांत करायचं असलं तरी, आणि तू दर महिन्याला रिटर्न भरतेस म्हणजे 20 ऑगस्टला ते 72 हजार खात्यातून जाणार. आणि बाकीचे 4 लाख हे तुझेच, पण ते पुढच्या जुलैपर्यंत परत येणार नाहीत. तू मात्र ते दर महिन्याला येतील असं धरून बर्न काढलायस.

आता नीट मांडू. स्वतःचे पैसे 75 लाख. खर्च 13 लाख, नेहमीचं कलेक्शन 4 लाख, म्हणजे खरा बर्न 9 लाख. 75 भागिले 9, सव्वाआठ महिन्यांच्या जरा वर. म्हणजे तू दाखवलेल्याच्या निम्माही नाही.

एवढं ताणून का धरतोय सांगतो. साडेसतरा महिने वाचलं की इन्व्हेस्टर मेल बंद करतो, निवांत होतो, पुढच्या वर्षी बघू म्हणतो. सव्वाआठ वाचलं की त्याला लगेच कळतं की पैसे उभे करायची पुढची राउंड आत्ताच सुरू करायला हवी, कारण पहिल्या मीटिंगपासून पैसे वापरता येईपर्यंत सहा महिने सहज जातात. टर्म शीट आली म्हणजे पैसे आले असं नसतं, त्यानंतर ड्यू डिलिजन्स, मग करार, आणि पैसे वेगळ्या खात्यात आले तरी शेअर अलॉट होऊन पीएएस-3 फॉर्म भरेपर्यंत त्यांना हात लावता येत नाही. माझ्या पहिल्या कंपनीत मी हीच चूक केली होती, दोन मोठे ॲडव्हान्स एका महिन्यात आले आणि मी बर्न कमी झाला असं कळवलं, चार महिन्यांनी जेव्हा खरा आकडा सांगावा लागला तेव्हा आमच्या एका इन्व्हेस्टरने फोनवर एवढंच विचारलं की आधीचे आकडे पण असेच होते का. त्या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला फार जड गेलं, आणि नंतरचा प्रत्येक आकडा ते दोनदा तपासायला लागले.

तर मेलमध्ये दोन ओळी लिही. एक, जुलैमध्ये वर्षाचा ॲडव्हान्स 4 लाख आला तो वेगळा दाखवलाय. दोन, रनवे तो धरून नाही, नेहमीच्या कलेक्शनवर काढलाय. आणि पुढच्या महिन्यात हीच पद्धत ठेव. कधी बदलावीच लागली तर त्याच मेलमध्ये सांग आणि मागचे दोन-तीन महिने पण नव्या पद्धतीने काढून दे, नाहीतर तुलनाच करता येत नाही.

आता प्रॉब्लेमवाला भाग. तू लिहिलंयस "काही कस्टमर कमी झाले, पण आम्ही त्यावर काम करतोय". हे वाचून कुणालाच काही कळत नाही. मी परवा फोनवर तुला खोदून विचारलं तेव्हा तूच किती छान सांगितलंस! 41 चे 38 झाले, पाच गेले, दोन नवे आले. पाचपैकी चार ठिकाणी कारण एकच, शॉप फ्लोअरचा सुपरवायझर बदलला आणि नवा माणूस टॅबवर मशीनच्या नोंदी टाकेना, दोन महिने रिपोर्ट रिकामे गेले मग मालकाने बंद केलं. हेच लिही, जसं सांगितलंस तसं. आणि पुढे लिही की आता कुठल्याही कारखान्यात सलग सात दिवस नोंद आली नाही की आमचा माणूस तिथे जाऊन येणार, आणि आत्ता अशा अवस्थेत किती कारखाने आहेत तो आकडा दे. तो आकडा महत्त्वाचा, कारण गेलेले मोजून उपयोग नसतो, जायच्या बेतात असलेले किती ते बघायचं. एक कारखाना साधारण 10 हजार देतो, गेलेल्या पाचांनी जुलैचे पैसे दिलेत, नव्या दोघांचे ऑगस्टपासून धरायचे, म्हणजे ऑगस्टपासून कलेक्शन 30 हजारांनी कमी आणि बर्न 9 लाख 30 हजार. रनवे आठ महिन्यांवर आला, मार्चअखेर. हे पण लिही.

एवढी मोठी दुरुस्ती मेलमधून पहिल्यांदा कळायला नको. तुझ्या लीड इन्व्हेस्टरना आधी फोन कर, दहा मिनिटं पुरतील, मग मेल टाक. कस्टमरची नावं आणि कुणाचे पगार मात्र घालू नकोस, हे मेल पुढे फॉरवर्ड होतात.

मदतीचा भाग तू शेवटी टाकलायस, "ओळखी करून द्याल तर बरं होईल" म्हणून. याने कुणीच हलत नाही गं, वाईट म्हणून नाही, नक्की काय करायचं ते कळत नाही म्हणून. तो वर आण, आकड्यांच्या लगेच खाली, आणि दोनच गोष्टी माग. तुला चाकणच्या ऑटो पार्ट्सवाल्या मोठ्या कारखान्यांत शिरायचंय ना, मग कंपन्यांची नावं लिही, मेंटेनन्स हेडशी वीस मिनिटं हवीत असं लिही, कशासाठी ते एका वाक्यात, आणि 31 ऑगस्टच्या आत. तुझ्या इन्व्हेस्टरांपैकी जे स्वतः पार्ट्सच्या धंद्यातून आलेत त्यांचं नाव घेऊन लिही की हे तुम्हालाच विचारतेय. सगळ्यांना विचारलेलं कुणाचंच नसतं. सोबत पाच ओळींचा वेगळा मेल तयार करून जोड, जो ते जसाच्या तसा समोरच्याला पाठवून "भेटाल का" विचारू शकतील. त्यात तू कोण, प्रॉडक्ट काय करतं, आणि एखाद्या कारखान्यात बंद मशीनचे तास किती कमी झाले तो एक खरा आकडा, बस. दुसरी मागणी राउंडची, सप्टेंबरमध्ये सुरू करतेय, सध्याचे कोण किती टाकणार ते 15 तारखेपर्यंत सांगा.

आणि जूनमध्ये ज्यांनी तुला सेल्सचा माणूस शोधून दिला त्यांना या मेलमध्ये काय झालं ते कळव, तो रुजू झाला की नाही ते सुद्धा त्यांना अजून माहीत नाहीये.

बदललेला ड्राफ्ट गुरुवारपर्यंत पाठव, सोबत जुलैचं बँक स्टेटमेंट पण, मी बसून आकडे जुळवून बघतो.