सिरोसिसच्या पेशंटला संडासातून रक्त: सोमवारपर्यंत थांबू नका

प्रश्न: बाबांना लिव्हर सिरोसिस आहे. परवापासून संडासला गेले की लाल रक्त पडतंय, दुखत काहीच नाही. फॅमिली डॉक्टरांनी पाइल्स सांगून मलम दिलंय. सोमवारी पाइल्सच्या क्लिनिकमध्ये इंजेक्शन घ्यायला न्यावं का? आणि तोपर्यंत कुठलं मलम चांगलं?

सोमवार विसरा. आज न्या. आणि क्लिनिकमध्ये नाही, जिथे एंडोस्कोपी होते आणि ब्लड बँक आहे अशा हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत न्या. पुढचं वाचायला वेळ नसेल तर इथेच थांबा आणि १०८ लावा, मी रागावणार नाही.

मी बरीच वर्षं एंडोस्कोपी रूममध्ये नर्स होते, आता रिटायर झाले. पण हे लिहितेय ते नर्स म्हणून कमी आणि गोव्यातल्या साखळी गावच्या आमच्या घरात जे झालं त्यामुळे जास्त. माझे थोरले दीर. शुगरवाले, पोट सुटलेलं, आणि दारूचा थेंब नाही. काजूच्या सिझनला घरात उर्राक आली तरी हे आपले लिंबूसोडा घेऊन बसणार. फॅटी लिव्हर होतं ते वाढत वाढत सिरोसिसपर्यंत गेलं, आणि लोक अजून कुजबुजतात की चोरून पीत असतील. असो. सोनोग्राफीत प्लीहा वाढलेली, प्लेटलेट ७० हजारांच्या आसपास, अन्ननलिकेतल्या फुगलेल्या शिरांना वर्षभरापूर्वी बँड लावलेले, शिरांतलं प्रेशर कमी ठेवायला रोजची प्रोप्रॅनोलॉल चालू. बँड लागले म्हणजे रक्ताचा विषय संपला असं घरात सगळ्यांनी धरून ठेवलेलं.

विषय संपत नाही. आतड्यांकडून येणारं सगळं रक्त पोर्टल नावाच्या शिरेतून लिव्हरमध्ये जातं. लिव्हर निबर झालं की रक्ताला आत शिरायला वाव राहत नाही आणि मागे प्रेशर साचतं. पर्वरीला हायवे जाम झाला की गाड्या आतल्या गावच्या रस्त्यांवर घुसतात ना, तसंच हे. असा एक आतला रस्ता अन्ननलिकेच्या टोकाशी आहे आणि दुसरा गुदाशयात, कारण गुदाशयाच्या वरच्या भागाच्या शिरा लिव्हरकडे जातात आणि खालच्या भागाच्या थेट हृदयाकडे, आणि दोन्हींची गाठ तिथे पडते. त्या बारीक शिरांना एवढ्या रक्ताची सवय नसते, त्या फुगतात, नागमोडी होतात. ह्या रेक्टल व्हेरिसेस. वर बँड लावून एक वाट बंद केली तरी प्रेशर तेवढंच असतं, ते खालच्या वाटेवर जोर करू शकतं.

मूळव्याध वेगळी. गुदद्वारापाशी जन्मापासून ज्या मऊ गाद्या असतात त्या कुंथून कुंथून सुजतात आणि खाली घसरतात, त्यांचा लिव्हरच्या प्रेशरशी थेट संबंध नसतो. बाहेरून मात्र दोन्ही सारखंच दिसू शकतं, लाल रक्त आणि दुखणं नाही. आतून बघितलं तर मूळव्याध खालच्या काठापाशीच थांबते आणि व्हेरिसेस वर गुदाशयात चढत गेलेल्या असतात, निळसर, वाकड्यातिकड्या, दाबल्या की रिकाम्या होणाऱ्या आणि बोट काढलं की परत भरणाऱ्या. घरी दाबून बघू नका, कृपा करा. हे दुर्बिणीतून बघायचं काम आहे आणि ज्याला ते काय आहे हे माहीत आहे त्यानेच बघायचं.

तर दिरांना रक्त पडायला लागलं तेव्हा घरात निर्णय घेतला जाऊबाईंच्या भावाने. तो मेडिकल स्टोअर चालवतो, त्यामुळे आमच्याकडे तो अर्धा डॉक्टर. आधी मलम, मग पाइल्सच्या गोळ्या, मग कंबर दुखते म्हणाले तर डायक्लोफेनॅकचं इंजेक्शन! सिरोसिसच्या माणसाला डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन असलं काही द्यायचंच नसतं, किडनी बसते आणि रक्तस्राव वाढतो. मी म्हटलं तर म्हणे एका इंजेक्शनने काय होतंय. मग तोच त्यांना एका क्लिनिकमध्ये घेऊन गेला, तिथे खालून नुसतं बघून तिसऱ्या ग्रेडची मूळव्याध सांगितली आणि रबर बँड लावायची तारीख दिली. लिव्हरची फाइल घरी कपाटात. तिथे कुणी विचारली नाही आणि ह्याने सांगितली नाही.

बँड का वाईट ते समजून घ्या, म्हणजे तुमच्या सोमवारच्या इंजेक्शनचंही उत्तर मिळेल. मूळव्याधीवर बँड लावला की ती जागा सुकून आठवडाभरात गळते आणि तिथे छोटी जखम राहते, साध्या माणसात थोडं रक्त येऊन थांबतं. तीच जखम पोर्टल प्रेशरने तट्ट फुगलेल्या शिरेवर पडली, त्यात प्लेटलेट कमी, तर ती थांबवायला त्या क्लिनिकमध्ये कापसाच्या बोळ्याशिवाय काय असणार? मूळव्याध समजून कापाकापी केली तर आणखी वाईट.

ती तारीख आलीच नाही. त्याआधीच्या रात्री दीर संडासात गेले आणि बराच वेळ बाहेर येईनात, दार ढकललं तर भांडं रक्ताने भरलेलं, गाठी पडलेल्या, आणि माणूस घामाने थंडगार. घरचं मशीन लावलं, बीपी वरचं ९० च्या खाली, पल्स ८४. जाऊबाईंचा भाऊ मशीन बघून म्हणाला पल्स तर नॉर्मल आहे, सकाळी बघू, रात्री ॲम्ब्युलन्स आणून वाड्यावर तमाशा कशाला. अरे बाबा, प्रोप्रॅनोलॉलवर असलेल्या माणसाची पल्स वाढतच नाही नीट! ते औषधच हृदयाचा वेग धरून ठेवतं. साध्या माणसाची तेव्हा १२० असती. आणि त्याचा दुसरा मुद्दा, संध्याकाळच्या रिपोर्टमध्ये हिमोग्लोबिन १० होतं. ताज्या रक्तस्रावात तो आकडा लगेच पडत नाही, कारण जे जातं ते सगळंच रक्त जातं, उरलेलं पातळ व्हायला काही तास लागतात. उभं राहिल्यावर चक्कर, थंड घाम, लघवी कमी, बरळणं, ह्या गोष्टी आकड्यांच्या आधी सांगतात.

मी १०८ लावला. पाय थोडे वर करून आडवे ठेवले, तोंडातून काही दिलं नाही कारण पुढे स्कोप, म्हणजे दुर्बिणीची तपासणी, करायचा असतो, फाइल आणि गोळ्यांची पिशवी उचलली आणि बांबोळीला, गोवा मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलात. वाटेत तो म्हणत होता स्कूटरवर मागे बसवून जवळच्या डॉक्टरकडे नेलं असतं तर एव्हाना घरी असतो.

कॅज्युअल्टीत दोन्ही हातांना जाड सुया, ब्लड ग्रुप, क्रॉसमॅच. हिमोग्लोबिन आता ६.४. रक्त चढवलं पण ७-८ पर्यंतच, आणि इथे नातेवाईक नेहमी भांडतात की अजून चढवा. जास्त चढवलं की पोर्टल प्रेशर परत वाढतं आणि थांबलेलं रक्त पुन्हा सुरू होऊ शकतं, म्हणून हात राखून. ते प्रेशर उतरवायला ऑक्ट्रिओटाइडची ड्रिप, आणि अँटिबायोटिक, कारण सिरोसिसमध्ये रक्तस्राव झाला की इन्फेक्शन लगेच धरतं आणि माणूस त्यानेही जातो. मग स्कोप, पण आधी तोंडातून! सगळ्यांना आश्चर्य वाटलं, रक्त खालून येतंय आणि हे वरून काय बघतायत. लिव्हरच्या पेशंटला अन्ननलिकेतून जोरात रक्त गेलं तर ते काळं व्हायला वेळच मिळत नाही, खालून लालच येतं, म्हणून वरचं आधी बघून घेतात. वर जुन्या बँडचे व्रण, बाकी स्वच्छ. मग खालून, आणि तिथे गुदाशयात वर चढलेल्या निळ्या शिरा, एकीवर ताजी गाठ चिकटलेली. त्या शिरेत ग्लू भरला आणि रक्त थांबलं.

दुसऱ्या दिवशी दीर मला ओळखेनात, आज कुठला वार तेही चुकीचं, हात पुढे धरायला सांगितले तर पंजे फडफडत होते. आतड्यात साचलेल्या रक्ताचं अमोनिया होतं आणि खराब लिव्हर ते गाळू शकत नाही, ते डोक्यात जातं. लॅक्ट्युलोज देऊन रोज दोन-तीन वेळा मऊ संडास होईल असं ठेवलं, हळूहळू शुद्धीवर आले. पुन्हा रक्त आलं तर टिप्स करू असं सांगून ठेवलंय, म्हणजे लिव्हरमधूनच एक नळी टाकून रक्ताला सरळ वाट द्यायची, पण त्याने डोक्याचा हा त्रास वाढू शकतो म्हणून उगाच करत नाहीत.

आता गेल्या चवथीला गणपतीच्या माटोळीखाली बसून तोच जाऊबाईंचा भाऊ सगळ्यांना सांगत होता की पाइल्सच होते, वहिनीने भीती घातली म्हणून एवढं झालं. स्कोपचा रिपोर्ट मी कपाटातून काढून त्याच्या हातात दिला. वाचला की नाही देव जाणे, मोदक मात्र खाल्ले.

त्याचं एक बरोबर आहे, तेही लिहिते. सिरोसिसवाल्यांनाही साधी मूळव्याध होतेच आणि भरपूर जणांना असते, तुमच्या बाबांचीही तीच निघू शकते. आणि व्हेरिसेसवरही बँड लावतात, पण ते एंडोस्कोपीवाले, काय आहे ते ओळखून आणि रक्ताची सोय पाठीशी ठेवून. माझं म्हणणं एवढंच की मूळव्याध हा निष्कर्ष स्कोप झाल्यावर काढायचा, आधी नाही. मी डॉक्टर नाही आणि तुमच्या बाबांना बघितलेलंही नाही, त्यामुळे उपचार काय ते तिथले ठरवतील.

मलमाचं विचारलंत, तर कुठलंही लावा, फरक पडणार नाही. दुखण्यासाठी काही द्यायचं झालं तर तिथे विचारून. मागच्या एंडोस्कोपीचा रिपोर्ट न्या, आणि बाबा प्रोप्रॅनोलॉल किंवा त्याच जातीचं कार्व्हेडिलॉल घेत असतील तर ते कॅज्युअल्टीत पहिल्या दोन वाक्यांत तोंडाने सांगा, फाइल उघडायची वाट बघू नका, नाहीतर तिथेही कुणीतरी पल्स ८४ बघून तुम्हाला बाकावर बसवून ठेवेल.