तिन्हीसांजेला धडपडणारं मूल

‘ताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. अंधारून आलं की दारात अडखळतो, समोरची चप्पलही चाचपडत शोधतो. दोन्ही डोळ्यांत पांढऱ्या भागावर फेसासारखा ठिपका आहे. पुसला तरी परत येतो. सासूबाई म्हणतात, गाजराचा रस दे, जाईल. तेवढ्याने भागेल का?’

नाही भागणार. ही ‘अ’ जीवनसत्त्व कमी पडल्याची लक्षणं वाटतात. उद्याच बालरोगतज्ज्ञाकडे किंवा नेत्रतज्ज्ञाकडे न्या.

इंदूरमध्ये परदेशीपुऱ्यातून अशीच एक पाच वर्षांची मुलगी माझ्याकडे आली होती. सकाळी पोहे-शेव, दुपारी चहात बुडवलेले टोस्ट, रात्री वरण-भात. दूध, अंडं, पालेभाजी जवळजवळ नाहीच. त्यात बरेच दिवस जुलाब. जुलाबात आतडं ‘अ’ जीवनसत्त्व नीट शोषत नाही आणि यकृतातला साठा संपत जातो. मंद उजेडात दिसण्यासाठी डोळ्याच्या पडद्यात लागणारं रंगद्रव्य या जीवनसत्त्वापासूनच बनतं, म्हणून आधी संध्याकाळची नजर जाते. मग पांढरा भाग कोरडा पडतो आणि बुबुळाच्या कानाकडच्या बाजूला तो फेसाळ ठिपका येतो. आजी रोज काजळ घालायची, ते नेमकं ठिपक्यावर चिकटायचं. त्यामुळे आईला कितीतरी दिवस ती घाणच वाटली.

डॉक्टरांनी आधी बुबुळ तपासलं. ते निस्तेज किंवा धूसर झालं असतं, तर त्याच दिवशी दाखल केलं असतं. बुबुळ मऊ पडून फुटलं की गेलेली नजर परत येत नाही. ते स्वच्छ होतं. म्हणून ‘अ’ जीवनसत्त्वाचा २ लाख एककांचा डोस त्या दिवशी, तेवढाच दुसऱ्या दिवशी आणि तिसरा दोन आठवड्यांनी, असं ठरलं. गाजरातल्या रंगद्रव्याचा थोडाच भाग शरीरात ‘अ’ बनतो, तोही जेवणात तेल-तूप असेल तर. साठा रिकामा असताना रसाच्या भरवशावर राहता येत नाही. गाजर, शेवगा, मेथी पुढे रोजच्या ताटात हवीतच.

पहिल्या डोसनंतर दोन दिवसांत पोर अंधारात न धडपडता फिरू लागली. ठिपके मात्र हळूहळू विरळ झाले, आणि एका डोळ्यातला थोडा राहिलाच. असे जुने ठिपके उपचारानंतरही राहू शकतात. आईने विचारलं, आणखी एक डोस देऊ का? मी नको म्हटलं. हे जीवनसत्त्व शरीरात साठतं. जास्त झालं तर उलट्या, डोकेदुखी होते.

त्या आईलाही रात्री कमी दिसत होतं आणि तिला तिसरा महिना होता. तीच बाटली मी घेऊ का, असं तिने सहज विचारलं. गरोदरपणात एवढा मोठा डोस गर्भाला अपाय करू शकतो. तिला डॉक्टरांनी रोज १० हजार एककांची छोटी मात्रा दिली. तुमच्या घरीही कुणी गरोदर असेल, तर मुलाच्या बाटलीतलं औषध तिला देऊ नका.