गिझर लावला की एमसीबी पडते: लोड जास्त की गिझर खराब?

प्रश्न: भुसावळला जुनं घर आहे. गिझर लावला की एमसीबी पडते. लोड जास्त होतोय की गिझरच गेलाय?

उत्तर: बटण दाबल्यावर ती किती वेळाने पडते ते बघा, निम्मं उत्तर तिथेच आहे.

दहा-पंधरा मिनिटं चालून पडत असेल तर बहुधा ओव्हरलोड. 2000 वॅटचा गिझर 230 व्होल्टला सुमारे 8.7 अँपिअर घेतो. जुन्या घरांत तो लाइटच्या 6 अँपिअरच्या एमसीबीवर जोडलेला हमखास सापडतो. एमसीबीतली पट्टी हळूहळू तापते, म्हणून उशीर लागतो. नुसती मोठी एमसीबी बसवू नका, मग एमसीबीऐवजी वायर जळेल. गिझरला 2.5 चौरस मिमीची वेगळी तांब्याची वायर, 16 अँपिअरचं सॉकेट आणि 16 ची एमसीबी हवी.

बटण दाबताच फटकन पडत असेल तर शॉर्ट समजा. प्लग काढा. एमसीबी टिकली तर त्याच सॉकेटवर 1000 वॅटची इस्त्री लावा. तीही चालली तर दोष गिझरमध्ये, बहुतेकदा एलिमेंट फुटलेलं असतं (आपल्याकडच्या बोअरच्या पाण्याचा क्षार त्याला खातो). पुन्हा पुन्हा बटण वर करून बघू नका.

आणि पडणाऱ्या स्विचवर ‘टेस्ट’चं बटण असेल तर ती आरसीसीबी आहे. करंट गळतोय, तेव्हा गिझरला हात लावू नका, वायरमन बोलवा.